साडेतेहतीस तासांचा दिवस आणि इन्सुलिनचे वेळापत्रक

‘मी निवृत्त शिक्षक, वय ६६, राहणार खानापूर तालुका. बारा वर्षांपासून मधुमेह. ३०/७० मिश्र इन्सुलिन कुपीतून घेतो : सकाळी आठला २० युनिट, रात्री आठला १४. पत्नीला सकाळी न्याहारीआधी ग्लिमेपिराइड २ मिलिग्रॅम आणि दोन्ही जेवणांनंतर मेटफॉर्मिन ५०० आहे. जून-जुलै असे दोन महिने मुलाकडे न्यू जर्सीला जात आहोत. विमान मुंबईहून रात्री दीडला सुटते आणि तिकडच्या सकाळी आठला न्यूअर्कला उतरते. येताना तिकडून दुपारी बाराला निघून दुसऱ्या दिवशी सकाळी साडेअकराला मुंबईत. मुलगा म्हणतो, तिथले घड्याळ साडेनऊ तास मागे. मग इंजेक्शन कोणत्या घड्याळाने घ्यायचे? आणि दोन महिन्यांचे इन्सुलिन बर्फात घालून न्यायचे का?’
— एक वाचक, खानापूर तालुका

सप्रेम नमस्कार.

तुम्ही डोस, वेळा आणि विमानाचे तपशील नेमके कळवले आहेत, त्यामुळे उत्तर तुमच्याच आकड्यांवर बेतता येते. खाली मांडलेले वेळापत्रक हा माझ्या बाजूचा हिशेब आहे. निघण्यापूर्वी दोन-तीन आठवडे तो तुमच्या डॉक्टरांना दाखवा. गेल्या महिन्यातील तुमच्या साखरेच्या नोंदी आणि मूत्रपिंडाचा तपास त्यांच्यासमोर असेल, माझ्यासमोर तो नाही, म्हणून आकडे त्यांनी बदलले तर त्यांचेच प्रमाण माना.

आधी हे लक्षात घ्या की टोचलेले इन्सुलिन भिंतीवरचे घड्याळ पाहत नाही. तुमच्या मिश्र इन्सुलिनमधील तीस टक्के भाग अर्ध्या तासात कामाला लागतो आणि त्या वेळच्या जेवणाची साखर हाताळतो. उरलेला सत्तर टक्के भाग हळूहळू उतरतो आणि साधारण बारा तास जोर धरून राहतो, म्हणूनच तुम्हाला दिवसातून दोनदा टोचावे लागते. प्रवासात जपायच्या गोष्टी यातूनच निघतात. दोन डोसांमध्ये बारा तासांच्या आसपास अंतर राहिले पाहिजे आणि प्रत्येक डोसाबरोबर खरे जेवण पोटात गेले पाहिजे. अंतर थोडे वाढले तर साखर काही तास चढेल, ते चालते. अंतर फार कमी झाले तर दोन डोसांचा जोर एकमेकांवर चढतो आणि साखर घसरते. तीस हजार फुटांवर किंवा अनोळखी गावी रात्रीच्या झोपेत तसे होऊ द्यायचे नाही. म्हणून प्रवासाच्या दोन दिवसांत साखर १५० ते २२० च्या घरात राहिली तरी मनाला लावून घेऊ नका.

यासाठी एक सोपी सोय करा. हातातले घड्याळ न्यूअर्कला उतरून पहिली रात्र होईपर्यंत भारतीय वेळेवरच ठेवा. मोबाइल आपोआप वेळ बदलतो, म्हणून त्याच्या गजरावर भिस्त ठेवू नका.

आता तुमचा प्रवास पाहू. मुंबईच्या रात्री आठ वाजता, विमानतळावर जाण्याआधी, ज्या नातेवाइकांकडे उतराल तिथे जेवण करा आणि नेहमीचे १४ युनिट घ्या. बेळगावहून मुंबईपर्यंत रात्रीच्या बसने येणार असाल तर त्या रात्रीही हाच नियम ठेवा, म्हणजे घरी जेवून, इंजेक्शन घेऊनच बसमध्ये चढा. इंजेक्शन घेऊन बसायचे आणि बस कोल्हापूरच्या पुढे ज्या धाब्यावर थांबेल तिथे अकराला जेवायचे, हा बेत साखर घसरवणारा आहे.

विमान सुटल्यावर साधारण तासाभराने, म्हणजे पहाटे अडीच-तीनच्या सुमारास, पहिले जेवण येते. त्या जेवणासाठी इन्सुलिन घ्यायचे नाही, कारण आठचे इन्सुलिन अजून अंगात आहे आणि रात्रीचे जेवण झालेले आहे. ताट नाकारा, किंवा त्यातले दही आणि भाजी तेवढी खाऊन झोपा. पाव किंवा पोळीचे पाकीट बाजूला काढून ठेवले तर सकाळी उपयोगी पडते.

भारतीय सकाळी आठ वाजता विमान अटलांटिकच्या अलीकडेच असेल, केबिनमध्ये अंधार असेल आणि ताटे फिरत नसतील. तुमचा मोठा, २० युनिटचा डोस याच वेळी येतो, म्हणून या जेवणाची तयारी घरून करा. दोन-तीन चपात्या आणि शेंगदाण्याची चटणी असे कोरडे अन्न पिशवीत असू द्या. भाकरी न्यायची तर हरकत नाही, पण दुसऱ्या दिवशी ती घशाखाली उतरत नाही. घरी तुम्ही इंजेक्शननंतर अर्धा तास थांबून जेवत असाल. विमानात तसे करू नका. विमान हलू लागले की कर्मचारी ताटे वाटणे थांबवतात आणि तो अर्धा तास दीड तासाचा होतो. अन्न मांडीवर आले की साखर तपासा, टोचा आणि लगेच खा. कुपीत हवा भरताना नेहमीपेक्षा निम्मीच हवा भरा, कारण केबिनमध्ये हवेचा दाब जमिनीपेक्षा कमी असतो. नेहमीइतकी हवा सोडली तर इन्सुलिन जोराने सिरिंजमध्ये येते आणि बुडबुडे होतात.

त्यानंतर उतरण्याच्या दोन तास आधी आणखी एक हलके खाणे मिळेल. त्यासाठी वेगळे इन्सुलिन नाही. थोडेच खा.

न्यूअर्कला सकाळी आठ वाजता तुम्ही उतराल तेव्हा तुमचे मनगटी घड्याळ संध्याकाळचे साडेपाच दाखवत असेल. बाहेर सकाळ आहे आणि मुलगा घरी पोहोचताच न्याहारी वाढेल, म्हणून सकाळचे २० युनिट घ्यायचा मोह होईल. ते घेऊ नका. विमानात घेतलेल्या २० युनिटना जेमतेम साडेनऊ तास झालेले असतील. भारतीय रात्रीचे आठ म्हणजे तिकडचे सकाळचे साडेदहा. तोवर पासपोर्ट तपासणीची रांग आणि सामानाचा पट्टा उरकून तुम्ही घरी किंवा गाडीत असाल. त्या वेळी न्याहारी-जेवण असे काहीतरी पोटभर खा आणि संध्याकाळचे १४ युनिट घ्या. रांगेत अडकून साडेअकरा झाले तरी बिघडत नाही. उपाशीपोटी रांगेत उभे राहून घेतलेले इंजेक्शन मात्र बिघडवते.

मग तिथली रात्र येते. तिकडचे रात्रीचे आठ म्हणजे साडेदहाच्या डोसानंतर साडेनऊ तास. अंतर बारापेक्षा कमी आहे, म्हणून या एका रात्री १४ ऐवजी १० युनिट घ्यावेत, असे माझे मत आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी आठला, तिथल्या घड्याळाने, २० युनिट घ्या. त्यानंतर तुम्ही तिथल्या वेळेवर आलात.

हा १० चा आकडा कुठून आला, ते तुमच्या डॉक्टरांना समजावे म्हणून हिशेब देतो. भारतीय सकाळी आठपासून दुसऱ्या दिवशीच्या अमेरिकी सकाळी आठपर्यंत साडेतेहतीस तास होतात. चोवीस तासांना तुम्हाला ३४ युनिट लागतात, त्या प्रमाणात साडेतेहतीस तासांना सुमारे ४७ लागतील. २० अधिक १४ अधिक १० म्हणजे ४४. म्हणजे गरजेच्या थोडे अलीकडेच थांबलो, आणि प्रवासात तेच बरे. ज्यांना पश्चिमेला जाताना हा जादा डोस कोणी सांगितलेला नसतो, ते उतरल्याच्या दिवशी ३००-३५० ची साखर घेऊन बसतात आणि घाबरून दुप्पट टोचतात. दोन्ही टाळण्यासाठी हा मधला डोस आहे.

पहिल्या रात्री झोपण्यापूर्वी आणि पहाटे तीनच्या सुमारास साखर तपासा. तुम्ही जागे असालच, कारण शरीराला ती दुपार वाटत असते. झोपताना साखर १२० च्या खाली असेल तर एक पोळी किंवा दूध-बिस्किटे खाऊनच झोपा. त्या रात्री जागे आहोत म्हणून वारंवार तोंड हलवत राहिलात तर सकाळची साखर चढलेली दिसेल. ती इन्सुलिनच्या चुकीमुळे चढलेली नसेल, तेव्हा तिच्यासाठी डोस वाढवू नका.

तुमच्या पत्नीच्या गोळ्यांपैकी जपायची आहे ती ग्लिमेपिराइड. ही गोळी स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते, मग तुम्ही जेवा वा न जेवा, आणि तिचा परिणाम दिवसभर टिकतो. म्हणून ती चोवीस तासांत एकदाच आणि खात्रीच्या जेवणाच्या आधीच घ्यायची. विमानात भारतीय सकाळी आठला तुम्ही चपात्या सोडाल तेव्हा त्यांनीही गोळी घेऊन खावे. न्यूअर्कच्या सकाळी न्याहारी समोर आली तरी ग्लिमेपिराइड पुन्हा घ्यायची नाही. पुढची गोळी दुसऱ्या दिवशीच्या तिथल्या सकाळी. मधले तास वाढतात, साखर थोडी चढेल, चढू द्या. विमान लागून उलट्या होत असतील, किंवा अन्न नको झाले असेल, तर त्या दिवशीची ग्लिमेपिराइड वगळलेलीच बरी. मेटफॉर्मिन मात्र सोशिक औषध आहे. एकट्याने ते साखर पाडत नाही, म्हणून दोन गोळ्यांमध्ये आठ-दहा तास ठेवून मोठ्या जेवणानंतर घेत जावे. एखादी राहिली तर राहिली, भरपाई म्हणून दोन एकदम घेऊ नयेत, कारण मग पोट बिघडते आणि विमानात ते त्रासाचे होते.

(इतर वाचकांसाठी एक खुलासा : हा सगळा खटाटोप पाच-सहा तासांहून अधिक फरकासाठी आहे. आपल्याकडून दुबईला जाणाऱ्यांना दीड तास आणि सौदीला जाणाऱ्यांना अडीच तासांचा फरक पडतो. त्यांनी डोसात काही बदलू नये, तिथल्या जेवणाच्या वेळेला लागावे. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर हिवाळ्यात जाणाऱ्यांनी साडेनऊऐवजी साडेदहा तास धरावेत, कारण तिथे नोव्हेंबरमध्ये घड्याळे एक तास मागे घेतात. दिवसातून एकदाच दीर्घकाळ चालणारे ग्लार्जिन घेणाऱ्यांनी प्रवासभर भारतीय वेळ तशीच धरावी आणि तिथे पोहोचल्यावर वेळ रोज एक-दोन तासांनी सरकवावी, किंवा मुक्काम थोडका असेल तर सरकवूच नये.)

साखर घसरल्याची लक्षणे, म्हणजे घाम, हात थरथरणे, जीभ जड होणे, एकदम चिडचिड, ही दोघांनीही एकमेकांत ओळखायला हवीत, कारण विमानात शेजारचा माणूस झोपला आहे असेच सगळ्यांना वाटते. जवळ ग्लुकोज पावडर ठेवा. तीन छोटे चमचे साखर किंवा ग्लुकोज पाण्यात विरघळवून प्यायचे, पंधरा मिनिटांनी साखर पुन्हा तपासायची, ७० च्या खालीच असेल तर तेवढेच पुन्हा. पाणी सुरक्षा तपासणीनंतर भरून घ्या. एक गोष्ट आवर्जून सांगतो. मुलासाठी तुम्ही बेळगावचा कुंदा नक्कीच नेणार, कदाचित गोकाकचे करदंटही. साखर घसरली म्हणून घाईत यातले काही तोंडात टाकू नका. कुंदा खव्याचा आणि करदंट तूप-सुक्या मेव्याचे. स्निग्धपणामुळे त्यांतली साखर रक्तात उशिरा उतरते, आणि त्या दहा मिनिटांत माणूस बेशुद्ध होऊ शकतो. साधी साखरच लागते. आणखी एक : तिकिटाबरोबर ‘मधुमेही जेवण’ मागवायची सोय असते, ती तुम्ही घेऊ नका. त्यात पोळी-भात कमी असतो आणि तुमचा डोस तर नेहमीच्या जेवणासाठी ठरलेला आहे. साधे शाकाहारी जेवणच सांगा.

परतीचा प्रवास याच्या उलट आहे. पूर्वेकडे येताना दिवस साडेनऊ तासांनी आखडतो, म्हणून जाताना एक डोस वाढला तसा येताना एक गळतो. न्यूअर्कच्या सकाळी आठला २० युनिट घेऊन न्याहारी करा आणि मनगटी घड्याळ या वेळी अमेरिकी वेळेवरच राहू द्या. दुपारी बाराला विमान सुटेल. अमेरिकी रात्री आठला, म्हणजे विमानात असताना भारतीय पहाटे साडेपाचला, खाणे समोर घेऊन १४ युनिट घ्या. साडेअकराला मुंबईत उतराल तेव्हा इथे दिवस चढलेला असेल आणि कोणीतरी ‘आज सकाळचे इंजेक्शन राहिले ना?’ असे विचारेलच. राहिलेले नाही. पहाटेच्या डोसाला सहाच तास झाले आहेत. त्या दिवशीचा २० युनिटचा डोस तुमच्या वेळापत्रकातून गळलाच आहे. दुपारी हलके जेवा, रात्री आठला १४ घ्या आणि दुसऱ्या सकाळपासून घरची वेळ सुरू. दुपारी साखर दोनशेच्या वर दिसली तर ती अपेक्षित आहे. पत्नींनी अमेरिकी सकाळी ग्लिमेपिराइड घेतलेली असेल, त्यानंतरची गोळी भारतात उतरल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी.

आता एक धोका सांगतो, तो तुमच्या प्रश्नात नव्हता, पण वेळेच्या गोंधळापेक्षा मोठा आहे. आपल्याकडे कुपीतील इन्सुलिन बहुतेक करून एका मिलिलिटरला ४० युनिटचे असते आणि त्यासाठी लाल टोपणाची सिरिंज मिळते. अमेरिकेत माणसांसाठीचे कुपीतील इन्सुलिन सहसा एका मिलिलिटरला १०० युनिटचे असते आणि तिथल्या सिरिंजही त्याच मापाच्या असतात. समजा तुमची कुपी फुटली, मुलाने तिथून नवी आणली आणि तुम्ही ती आपल्या लाल टोपणाच्या सिरिंजने २० च्या खुणेपर्यंत ओढली. २० ची खूण म्हणजे अर्धा मिलिलिटर, आणि त्या कुपीतील अर्धा मिलिलिटर म्हणजे ५० युनिट. अडीचपट डोस. उलटे, तिथल्या सिरिंजने आपल्या कुपीतले २० च्या खुणेपर्यंत ओढले तर अंगात फक्त ८ युनिट जातील. म्हणून कुपी आणि सिरिंज एकाच मापाच्या वापरायच्या आणि दोन्हींवरचे ४० किंवा १०० वाचल्याशिवाय सुई बुडवायची नाही. दोन महिन्यांना पुरतील एवढ्या लाल टोपणाच्या सिरिंज इथूनच न्या, त्या तिथे दुकानात मिळणार नाहीत असे समजूनच चला.

इन्सुलिन किती न्यायचे? रोजचे ३४ युनिट, साठ दिवसांचे २०४० युनिट. दहा मिलिलिटरच्या एका कुपीत ४०० युनिट येतात, म्हणजे पाच कुप्या संपून सहावी उघडावी लागते. आठ न्या. स्वतःच्या वापराचे औषध अमेरिकेत साधारण नव्वद दिवसांपुरते नेऊ देतात, त्या मर्यादेपर्यंत या आठ कुप्या पोहोचतातच, त्याहून जास्त भरू नका. चार तुमच्या हातपिशवीत, चार पत्नीच्या. पेटीत एकही नको, मग पेटी कितीही मजबूत असो. पेट्या ठेवतात त्या विमानाच्या पोटात तापमान गोठण्याच्या जवळ जाऊ शकते आणि पेटी वेगळ्याच शहरी गेली तर औषधही तिच्याबरोबर जाते. सिरिंज इन्सुलिनच्या सोबतच ठेवा. तपासणीत दोन्ही एकत्र दिसली आणि आपणहून सांगितले की अडचण येत नाही. द्रव पदार्थांची शंभर मिलिलिटरची मर्यादा औषधाला लागू नाही.

बर्फाचे उत्तर ‘नाही’ असे आहे. न उघडलेल्या कुप्या घरी २ ते ८ अंश सेल्सिअसवर, फ्रिजच्या मधल्या कप्प्यात ठेवतात, म्हणून प्रवासात त्यांना गार ठेवायलाच हवे असे वाटते. पण वापरातली कुपी ३० अंशांच्या आत सुमारे चार आठवडे टिकते, म्हणजे तुमच्या दोन दिवसांच्या प्रवासात साध्या गारव्याने औषधाला काही होणार नाही. औषध मरते ते दोन टोकांना : एकदा गोठले की ते वितळल्यावरही निरुपयोगी, आणि चाळीसच्या वरच्या उन्हात तासन्‌तास राहिले की हळूहळू निकामी. बर्फाला टेकलेली कुपी पहिल्या टोकाला जाते. बंद गाडीच्या काचेशी, बसच्या डिकीत किंवा चालकाच्या समोरच्या फळीवर ठेवलेली कुपी दुसऱ्या टोकाला जाते.

म्हणून असे करा. रुंद तोंडाचा स्टीलचा थर्मास घ्या. जेल भरलेली दोन पाकिटे फ्रिजरमध्ये न ठेवता, खालच्या कप्प्यात रात्रभर गार करा. त्यांचे तापमान शून्याच्या खाली जाणारच नाही, तेव्हा कुपी गोठण्याचा प्रश्नच उरत नाही. कुप्या त्यांच्या कागदी खोक्यांसह सुती फडक्यात गुंडाळा, पाकिटे बाजूंनी लावा आणि झाकण लावा. मुंबईत नातेवाइकांच्या फ्रिजमध्ये पाकिटे पुन्हा गार करून घ्या. विमानात थर्मास पायाशी ठेवा. कर्मचाऱ्यांना ‘फ्रिजमध्ये ठेवा’ म्हणून देऊ नका, कारण तिथे बर्फ असतो आणि उतरताना मागायचेही राहते. चालू कुपी मात्र थर्मासमध्ये न घालता खिशाच्या पिशवीत ठेवा, म्हणजे भारतीय आठच्या अंधारात शोधाशोध होणार नाही. मुलाच्या घरी पोहोचलात की उरलेल्या कुप्या फ्रिजच्या दारात किंवा मधल्या फळीवर, मागच्या भिंतीला न टेकता ठेवा. त्या भिंतीशी पाणी गोठते. तिथल्या फ्रिजवर तापमान फॅरनहाइटमध्ये दिसेल. ३६ ते ४६ हे आकडे म्हणजे आपले २ ते ८.

गोळ्यांना गारव्याची गरज नाही, पण जूनच्या आपल्या दमट हवेत त्या पट्टीतून सोडवून डबीत भरू नका. पट्टीवर नाव असते, आणि तपासणीला तेच दाखवायचे असते. ग्लुकोमीटरच्या पट्ट्यांची डबीही तशीच घट्ट बंद ठेवा. ओल लागलेली पट्टी खोटा आकडा दाखवते.

कुपी बिघडली हे कसे कळते? घेण्यापूर्वी ती तळहातांत दहा वेळा फिरवा आणि हळुवार दहा वेळा उलटी-सुलटी करा, हलवून फेस आणू नका. नंतर ती सारखी दुधासारखी पांढरी दिसली पाहिजे. तळाला पांढरा गोळा तसाच राहिला, आत कण किंवा धागे तरंगताना दिसले, किंवा काचेच्या आतल्या बाजूला दहिवरासारखा पांढरा थर चिकटला, तर ती कुपी टाकून द्या. उष्णतेने निकामी झालेले इन्सुलिन मात्र पुष्कळदा दिसायला चांगलेच असते. त्याची खूण साखरेत दिसते : खाणे नेहमीचे, डोस नेहमीचा, ताप-खोकला नाही, तरी दोन दिवस ओळीने सकाळची साखर अडीचशेच्या वर. अशा वेळी डोस वाढवण्याआधी नवी कुपी उघडून पाहा. नव्या कुपीने आकडा उतरला तर जुनी फेकायची. नव्यानेही उतरला नाही, किंवा सोबत उलट्या, पोटदुखी आणि जोरात श्वास असेल, तर मुलाला लगेच रुग्णालयात न्यायला सांगा.

शेवटी कागदपत्रे. डॉक्टरांकडून त्यांच्या छापील कागदावर इंग्रजीत एक पत्र घ्या, कारण आपल्या भागातील औषधचिठ्ठ्यांवर कंपनीची नावे असतात आणि ती तिथल्या डॉक्टरांना ओळखू येत नाहीत. पत्रात औषधाचे मूळ नाव, ‘४० युनिट प्रति मिलिलिटर’ ही ताकद, डोस, सिरिंज जवळ असण्याचे कारण, आणि वर मांडलेले जातानाचे-येतानाचे वेळापत्रक त्यांच्या सहीने असू द्या. पहिल्या रात्रीचा तो १० चा आकडा, आणि त्या वेळी साखर शंभराच्या आत असेल तर तो किती करायचा, हेही त्यांनाच लिहायला लावा. पत्राची एक प्रत पासपोर्टमध्ये, एक थर्मासच्या झाकणाखाली प्लास्टिकच्या पिशवीत, आणि एकाचा फोटो मुलाच्या मोबाइलवर आधीच पाठवून ठेवा.